रामेनची अंडी दर वेळी खारट आणि रबरी होतात? सोयाच्या पाण्यातून ती कधी काढता ते बघा

रामेनच्या वाडग्यावर अर्धं कापून ठेवलेलं तपकिरी अंडं तुम्ही पाहिलं असेल. बाहेरून चहाच्या रंगाचं, आत बलक मधासारखा दाट आणि चमकदार. जपानीत त्याला अजित्सुके तामागो म्हणतात, म्हणजे चव मुरवलेलं अंडं. रोजच्या बोलण्यात नुसतं अजितामा. कृती दोन ओळींची आहे: अंडं कमी वेळ उकडायचं, सोलायचं आणि सोया सॉस, मिरिन नावाचं तांदळाचं गोड द्रव्य व पाणी यांच्या खारट-गोड मिश्रणात मुरत ठेवायचं. तरी घरी करणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते. पहिल्या दिवशी अंडं फिकं लागतं, तिसऱ्या दिवशी खारट होतं, पांढरा भाग रबरासारखा चिवट आणि बलक मेणासारखा घट्ट. मधला चांगला टप्पा हाती लागतच नाही.

माझं हे पाच-सहा वेळा झालं. शेवटी एका रविवारी भाची जेवायला येणार होती, म्हणून गुरुवारी रात्रीच सहा अंडी उकडून बरणीत भरली. वर 250 मिली सोया सॉस, दोन मोठे चमचे साखर, झाकण लावलं आणि फ्रिजमध्ये. मनात हिशोब असा की जितकं मुरेल तितकं चांगलं. रविवारी अंडं कापलं तर पांढऱ्यात कडेपासून आतपर्यंत तपकिरी रंग शिरलेला, सुरीला पांढरा भाग दाद देईना, आणि बलक गडद नारिंगी, चिकट गोळा. भाची दोन घास खाऊन म्हणाली, "मावशी, सूप छान झालंय, पण अंड्याबरोबर सारखं पाणी प्यावं लागतंय." त्या दिवसानंतर मी एका वेळी एकच गोष्ट बदलत ही अंडी करत गेले. त्यातून जे कळलं ते लिहिते.

आधी दोष उकडण्याचा की मुरवण्याचा, ते ठरवा

बलक घट्ट निघाला की आपण पुढच्या वेळी उकडण्याची वेळ कमी करतो. मीही साडेसहा मिनिटांवरून साडेपाचवर आले होते. त्यामुळे पांढरा भाग इतका लिबलिबीत राहिला की सोलतानाच फाटला, आणि फाटीतून सोया थेट बलकापर्यंत गेला. दोष दुसरीकडे होता, मी औषध भलतीकडे देत होते.

हे ओळखायला सोपा उपाय आहे. चार अंडी मुरवायची असतील तर पाच उकडा. पाचवं लगेच कापून बघा, थोडं मीठ-मिरी लावून खाऊन टाका. त्याचा बलक मधोमध वाहता आणि कडेला नुकता धरलेला असेल तर उकडणं बरोबर आहे. नंतर जो बलक घट्ट होईल तो मिठाने झालेला असेल.

दोन्ही घट्ट बलक दिसायलाही वेगळे असतात, एकदा शेजारी ठेवून पाहिले की परत चूक होत नाही. जास्त उकडलेला बलक फिकट पिवळा, कोरडा, बोटाने चुरला की पिठासारखा भुगा होतो. जास्त मुरलेला बलक उलट गडद नारिंगी, थोडा पारदर्शक, जॅमसारखा चिकट असतो आणि सुरीला धरून ओढला जातो. पहिल्यात उष्णतेने प्रथिनं पूर्ण गोठलेली असतात. दुसऱ्यात मिठाने बलकातलं पाणी ओढून घेतलेलं असतं, आणि मिठामुळे बलक आपोआपही दाटतो. पांढऱ्या भागाचंही तेच. बाहेरचं खारट पाणी आतलं पाणी ओढतं, प्रथिनांची जाळी आवळत जाते आणि दाताखाली रबर लागतं. उकडण्याची वेळ कितीही कमी केलीत तरी हे थांबणार नाही.

खरं कारण: मिठाचा हिशोब

माझ्या गुरुवारच्या बरणीचं गणित नंतर मांडलं तेव्हा सगळं उलगडलं. सोयाच्या बाटलीवर मागे सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते येतं. माझ्या बाटलीवर 100 मिलीला 6,400 मिलिग्रॅम सोडियम होतं, म्हणजे सुमारे 16 ग्रॅम मीठ. 250 मिलीत झालं 40 ग्रॅम. सोललेलं अंडं साधारण 45 ग्रॅमचं धरलं तर सहा अंड्यांचे 270 ग्रॅम. सोया आणि अंडी मिळून 520 ग्रॅममध्ये 40 ग्रॅम मीठ, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या वर. समुद्राचं पाणी साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं.

मीठ जास्त असलेल्या बाजूकडून कमी असलेल्या बाजूकडे सरकत राहतं, दोन्हीकडे सारखं होईपर्यंत. म्हणजे ती अंडी बरणीत राहतील तितकी समुद्राच्या दुप्पट खारटपणाकडेच निघाली होती. मी फक्त त्यांना तीन दिवसांची सवड दिली.

यावर उपाय म्हणून बरेचजण फक्त वेळ कमी करतात. निव्वळ सोयात ते जमत नाही, कारण बाहेरचा थर दोन-तीन तासांत खारट होतो आणि आत मात्र काहीच पोचलेलं नसतं. मीठ सरकायला वेळ लागतो, घाई करून तो वेळ वाचत नाही. म्हणून पाणी घालून मिश्रण सौम्य करायचं आणि मग त्याला निवांत वेळ द्यायचा.

मी आता चार अंड्यांना 60 मिली सोया, 60 मिली मिरिन आणि 120 मिली पाणी घेते. एक भाग, एक भाग, दोन भाग, असं लक्षात ठेवायला सोपं. सोयातलं मीठ 9.6 ग्रॅम, म्हणजे मिश्रण चार टक्के खारट. अंड्यांचे 180 ग्रॅम धरले तर दोन्हीकडे सारखं झालं तरी मीठ सव्वादोन टक्क्यांच्या आसपास थांबेल. बारा तासांत ते तिथपर्यंत पोचतही नाही. सूपही खारटच असतं, त्यामुळे अंडं याहून वर नको.

तुमच्या सोयाचा आकडा वेगळा असेल तर पाणी त्याप्रमाणे बदला. आपल्याकडे दुकानात सहज मिळतो तो बहुतेकदा चिनी पद्धतीचा 'डार्क' सोया असतो, त्यात रंगासाठी कॅरॅमल घातलेलं असतं. अजितामासाठी जपानी पद्धतीचा, गहू-सोयाबीन आंबवून केलेला सोया मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तरी चालेल, फक्त पुढे रंगाबद्दल लिहिलं आहे ते ध्यानात ठेवा.

मिरिन म्हणजे तांदळापासून केलेलं गोड, मद्य असलेलं पाकासारखं द्रव्य. ते न मिळाल्यास 60 मिलीऐवजी एक मोठा चमचा साखर आणि उरलेलं पाणी घ्या. गुळाने करून पाहिलं, चव वाईट नाही, पण सोयाचा वास त्याखाली दबतो. मिरिन वापरत असाल तर ते सोया-पाण्याबरोबर एकदा उकळी आणून मिनिटभर चालू द्या, म्हणजे मद्याचा उग्रपणा जातो. मग पूर्ण गार करा. गरम मिश्रणात अंडी टाकली तर बलक आतल्या आत आणखी शिजत राहतो. घाईच्या वेळी हे माझ्याकडून दोनदा झालं आहे.

रंगावर जाऊ नका

ही चूक सगळ्यांत फसवी आहे. रंग आणि मीठ एका वेगाने आत जात नाहीत. डार्क सोयात अंडं दोन तासांत गडद तपकिरी होतं, आपल्याला वाटतं झालं, आणि खाल्लं तर आत साधं उकडलेलं अंडं. मग पुढच्या वेळी आपण दोन दिवस ठेवतो आणि दुसऱ्या टोकाला जातो.

वर दिलेल्या सौम्य मिश्रणात, फ्रिजमध्ये, मी ठरावीक तासांनी एकेक अंडं काढून कापलं. चार तासांनी फक्त पांढऱ्याचा पृष्ठभाग रंगलेला होता, आत चव नाही. आठ तासांनी पांढऱ्याच्या कडेला दोन-तीन मिलिमीटरची फिकट तपकिरी कड आली आणि तिथवर चव होती. बारा तासांनी पांढरा भाग सगळा चवदार, अजून मऊ, आणि बलकाची बाहेरची कड किंचित दाटलेली, मध्यभाग वाहता. मला हवं ते हेच. चोवीस तासांनी बलक मधासारखा संथ सरकत होता, पांढरा थोडा घट्ट. हेही कित्येकांना आवडतं, आणि रामेनच्या दुकानात अनेकदा असंच मिळतं. अठ्ठेचाळीस तासांनी बलकाचा मोठा भाग गोळा झालेला, पांढरा चिवट.

म्हणून माझी वेळ बारा तास, आणि चोवीस तास ही हद्द. पाणी न घालता नुसतं सोया-मिरिन घेतलं असेल तर चार तासांच्या पुढे जाऊ नका.

एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला पांढरट ठिपका राहत असेल तर अंडं तरंगत होतं किंवा बरणीला टेकलं होतं. झिपची पिशवी घ्या, हवा दाबून काढा, म्हणजे कमी मिश्रणातही अंडी पूर्ण बुडतात. बरणीच वापरायची असेल तर वर किचन टिश्यूचा एक तुकडा पसरा. तो मिश्रण शोषून अंड्याच्या उघड्या पाठीवर ओला राहतो. जपानी घरांत ही युक्ती सर्रास चालते.

वेळ झाली की बाहेर काढा

मला हे सगळ्यांत उशिरा समजलं, आणि यानेच सर्वांत जास्त फरक पडला. आपल्याकडे बरणीत मुरत ठेवणं म्हणजे लोणचं. ते बरणीतच राहतं आणि लागेल तसं काढतो. अंड्याला तोच न्याय लावला की घोटाळा होतो. मुरवण्याची वेळ वेगळी आणि साठवण्याची वेळ वेगळी. बारा तास झाले की अंडी मिश्रणातून काढा, टिपून कोरडी करा आणि झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. बाहेरून नवं मीठ येणं तिथेच थांबतं. कडेला साठलेलं मीठ मात्र आत हळूहळू सरकत राहतं, त्यामुळे काढल्यावर चार-पाच तासांनी अंडं जास्त समतोल लागतं. कापल्यावर दिसणारी तपकिरी कडही थोडी विरघळल्यासारखी होते.

किती दिवस टिकतं

लोणचं टिकतं ते भरपूर मीठ, आंबटपणा आणि तेल यांच्या जोरावर. चार टक्के खारट मिश्रणात यातलं काहीच पुरेसं नाही. सोयात ठेवलंय म्हणून टिकेल, ही समजूत काढून टाका. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि इतक्या मिठाला दाद देत नाही. शिवाय बलक वाहता ठेवला याचा अर्थच तो पूर्ण शिजलेला नाही. अंड्यात साल्मोनेला असेल तर तो मेलाच असेल याची खात्री देता येत नाही.

जपानी कृतींमध्ये तीन-चार दिवस लिहिलेलं दिसतं तेव्हा तिथली परिस्थितीही लक्षात घ्यावी. जपानमध्ये अंडी धुऊन, तपासून विकतात आणि पाकिटावरची तारीख ती कच्ची खाता येण्याची मुदत असते, कारण तिथे कच्चं अंडं भातावर घालून खातात. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात अंड्यांचा ट्रे उन्हाळ्यातही बाहेरच असतो. म्हणून मी उकडल्याच्या वेळेपासून मोजून दोन दिवसांत अंडी संपवते, आणि तिसरा दिवस ही शेवटची हद्द. यात मुरवण्याचे तासही धरलेले आहेत. डब्यावर उकडल्याची तारीख आणि वेळ लिहून चिकटवते. वासावर विसंबू नका, साल्मोनेला वासाने कळत नाही.

मुरवणंही फ्रिजमध्येच, 4 अंशांवर किंवा त्याखाली. ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि एप्रिल-मेच्या 35 अंशांच्या स्वयंपाकघरात एका तासापेक्षा जास्त नको. वीज गेली तर दार न उघडता फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. त्यापुढे गेली तर ही अंडी टाकून द्या, जीव कितीही हळहळला तरी. फ्रीझरमध्ये ठेवून आयुष्य वाढत नाही, पांढरा भाग पाणी सोडून रबर होतो.

गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारपणामुळे प्रतिकारशक्ती कमी झालेले, यांना वाहता बलक देऊ नका. त्यांच्यासाठी अकरा-बारा मिनिटं उकडलेलं अंडं त्याच मिश्रणात बारा तास ठेवा. चव तीच येते.

उकडण्याबद्दल थोडक्यात

पुण्यात, फ्रिजमधून काढलेल्या 52-55 ग्रॅमच्या अंड्याला मला साडेसहा मिनिटं लागतात. पाणी खळखळ उकळल्यावर अंडी झाऱ्याने अलगद सोडायची आणि तेव्हापासून घड्याळ लावायचं. पहिली दोन मिनिटं हळूच ढवळत राहिलं की बलक मधोमध राहतो. वजन 60 च्या वर असेल तर सात मिनिटं. जितक्या उंचावर जाल तितकं पाणी कमी तापमानाला उकळतं, दर 300 मीटरला साधारण एक अंश. मुंबईच्या मानाने पुण्यात फरक किरकोळ आहे, पण महाबळेश्वरला अर्धं-पाऊण मिनिट जास्त द्यावं लागेल. वेळ संपताच बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं, नुसत्या नळाच्या पाण्यात नाही, कारण उन्हाळ्यात ते पाणीच कोमट असतं.

टरफल सोलताना पांढरा भाग निघून येत असेल तर अंडी फार ताजी आहेत. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कर्बवायू विरघळलेला असतो. तो सूक्ष्म छिद्रांतून निघून गेला की आतली पातळ त्वचा सैल होते. आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेली अंडी घ्या आणि पाण्याखाली धरून सोला. सोलताना फाटलेलं अंडं मिश्रणात घालू नका, लगेच खा.

बिघडलेल्याचं काय करायचं

खारट झालेली अंडी साध्या गार पाण्यात, फ्रिजमध्ये, तीन-चार तास ठेवली तर खारटपणा थोडा उतरतो. चिवटपणा मात्र जात नाही. त्यापेक्षा बारीक चिरून मीठ न घातलेल्या गरम भातावर किंवा साध्या नूडल्सवर घ्या, तिथे तो खारटपणा कामी येतो. फिकी निघालेली अंडी कापली नसतील तर परत मिश्रणात टाका, पण तीन दिवसांचं मोजमाप पहिल्या उकडण्यापासूनच धरा.

उरलेल्या मिश्रणात नवी अंडी घालायची असतील तर ते आधी दोन मिनिटं खळखळून उकळा, गार करा, आणि हे एकदाच. अंड्यातलं पाणी त्यात उतरलेलं असतं, म्हणून दुसऱ्या वेळी एक चमचा सोया वाढवावा लागतो. मी बहुतेकदा ते उकळून त्याच दिवशी भाजीत किंवा फ्राइड राइसमध्ये संपवते.

रविवारच्या जेवणासाठी आता माझा क्रम असा असतो. शनिवारी रात्री आठला पाच अंडी उकडते, एक लगेच कापून बघते. नऊच्या आत चार अंडी गार मिश्रणात, पिशवी फ्रिजमध्ये. रविवारी सकाळी नऊला बाहेर काढून, टिपून, डब्यात. दुपारी एकला सूप उकळत असताना अंडी छोट्या पिशवीत घालून, हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात पाच-सात मिनिटं सोडते, म्हणजे थंड अंड्याने सूप निवत नाही. सूपमध्ये उकळायची नाहीत आणि मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नाही, सबंध अंडं त्यात फुटतं. कापायला सुरी नको, बलक पात्याला चिकटून फरफटतो. शिवणाचा धुतलेला दोरा अंड्याभोवती एक वेढा घालून दोन्ही टोकं ओढली की दोन स्वच्छ अर्ध्या होतात. त्या वाडग्यात सगळ्यांत शेवटी, बलक वर करून ठेवायच्या.